दिवाणखान्यातला ४के टीव्ही आणि साधा कॉम्प्युटर: गेम खरंच सफाईदार चालेल का?

थोडक्यात उत्तर असं: टीव्हीला ४के चित्र सुरळीत पुरवता येतं, पण त्यातला प्रत्येक पिक्सेल ग्राफिक्स कार्डाने स्वतः रंगवायचा हट्ट सोडावा लागतो. हलके किंवा सात-आठ वर्षांपूर्वीचे गेम साध्या कार्डावरही पूर्ण ४केमध्ये चालतात. नव्या, भारी गेममध्ये मात्र कार्ड कमी रेझोल्यूशनला चित्र काढतं आणि अपस्केलिंग ते ४केपर्यंत नेतं. ते किती कमी ठेवायचं हे मोजून ठरवता येतं, अंदाजाने नाही. हा लेख मुख्यतः त्या मोजणीबद्दल आहे.

इथे साधा कॉम्प्युटर म्हणजे सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० यांसारखं ८ जीबी मेमरीचं कार्ड धरलं आहे. टीव्ही ५५ इंची, ४के, ६० हर्ट्झचा.

आकडे आधी पाहू

४के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. १४४०पीमध्ये ते सुमारे ३७ लाख असतात आणि १०८०पीमध्ये २१ लाख. म्हणजे १०८०पीच्या चौपट काम. ६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळ मात्र तेवढाच राहतो, १६.७ मिलिसेकंद. पुढे सगळीकडे फ्रेमच्या संख्येऐवजी मिलिसेकंदातच बोलू, कारण मिलिसेकंदांची बेरीज-वजाबाकी करता येते, 'एफपीएस'ची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम या आकड्याची, येत नाही.

दुसरी बाजू डोळ्यांची. ५५ इंची ४के पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.३२ मिलिमीटरचा असतो. निरोगी नजर सर्वसाधारणपणे एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा ओळखते. त्या हिशेबाने ४केचा सुटा पिक्सेल ओळखायला सुमारे १.१ मीटरवर बसावं लागेल. १४४०पीचा पिक्सेल १.६ मीटरपर्यंत ओळखू येतो आणि १०८०पीचा २.२ मीटरपर्यंत. सोफा बहुतेकदा दोन ते अडीच मीटरवर असतो. कडांची थरथर आणि बारीक रेषांची चकाकी त्याहून लांबूनही जाणवते, म्हणून हा हिशेब अंतिम नाही. पण एवढं नक्की की टेबलावरच्या मॉनिटरवर खटकणारी तडजोड सोफ्यावरून पुष्कळदा दिसतच नाही. साध्या कॉम्प्युटरला दिवाणखान्यात हीच सवलत मिळते, आणि ती पुरेपूर वापरावी.

पहिली पायरी: सिग्नल खरंच ४के ६० आहे का

कार्डाला दोष देण्याआधी हे तपासा. माउस जड वाटतोय, खिडकी सरकवताना चित्र अडखळतंय, अशी लक्षणं असतील तर टीव्ही बहुधा ४के ३० हर्ट्झवर चालू आहे. जुन्या एचडीएमआय १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्झला जातं. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० लागतं, १२० हर्ट्झसाठी २.१.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली असणं. मग चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या वाटेने जातं आणि त्या पोर्टची मर्यादा आड येते. केबल ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या पोर्टमध्येच हवी. मध्ये साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर तपासणीपुरता तो काढून केबल थेट टीव्हीला जोडा.

विंडोजमध्ये Settings, System, Display, Advanced display या क्रमाने गेलं की रेझोल्यूशन, रिफ्रेश रेट, बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट दिसतात. तिथे ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ आणि RGB दिसायला हवं. ६० आणि ५९.९४ असे दोन पर्याय असतील तर ६० घ्या. पडदा ५९.९४वर आणि गेम ६०वर बांधलेला असला, तर साधारण दर सतरा सेकंदांनी एक फ्रेम गळते. सगळं सुरळीत चाललेलं असताना ठराविक अंतराने एक बारीकसा झटका बसतो आणि कारण सापडत नाही.

६०चा पर्यायच दिसत नसेल तर टीव्हीच्या मेनूत जा. बऱ्याच टीव्हींमध्ये पोर्टची पूर्ण क्षमता मुळात बंद ठेवलेली असते. एलजीमध्ये ती HDMI Deep Color नावाने सापडते, सॅमसंगमध्ये Input Signal Plus, सोनीमध्ये HDMI signal format खाली Enhanced format. काही टीव्हींत सगळ्या पोर्टना सारखी क्षमता नसते, त्यामुळे पोर्टशेजारचा मजकूर वाचा.

केबलची लक्षणं वेगळी असतात. क्षणभर पडदा काळा होणं, चित्रात पांढरे ठिपके चमकणं, किंवा ३० हर्ट्झला ठीक असलेलं चित्र ६०ला गायब होणं. ४के ६०साठी 'प्रीमियम हाय स्पीड' अशी नोंद असलेली केबल घ्या आणि शक्यतो तीन मीटरच्या आत ठेवा. लांबी वाढली की साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा कमी होतो.

अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसत असेल तर रंगाची माहिती कापून पाठवली जात आहे. एचडीएमआय २.० वर ४के ६०ला आठ बिटचा पूर्ण RGB जेमतेम मावतो. दहा बिट हवे असतील, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारा एचडीआर चालू केला की बहुधा, रंगाची माहिती कापावीच लागते. गेममध्ये ते फारसं जाणवत नाही, डेस्कटॉपवरच्या मजकुरात लगेच जाणवतं. म्हणून एचडीआर फक्त गेमपुरता चालू करा.

दुसरी पायरी: टीव्हीला चित्र 'सुधारू' देऊ नका

टीव्हीचा गेम मोड चालू करा. एरवी टीव्ही प्रत्येक फ्रेम अडवून ठेवतो, तिच्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. या उशिरामुळे बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं आणि दोष कॉम्प्युटरच्या माथी येतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, म्हणजे एलजीचं TruMotion किंवा सोनीचं Motionflow, गेमसाठी बंद ठेवा. टीव्हीवर तयार झालेल्या मधल्या फ्रेम हालचाल मऊ दाखवतात, पण त्यासाठी पुढच्या फ्रेमची वाट पाहावी लागते आणि उशीर वाढतो.

डेस्कटॉपच्या कडा कापल्या जात असतील तर इनपुटचं नाव किंवा चिन्ह 'PC' असं बदला. अनेक टीव्हींमध्ये यामुळे कडा कापणं थांबतं आणि रंगही पूर्ण मिळतो. अंधारातला तपशील बुडत असेल किंवा काळा रंग राखाडी दिसत असेल, तर कार्डाच्या सेटिंगमधली रेंज आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल एकमेकांशी जुळत नाही. दोन्हीकडे 'फुल' ठेवा. एका बाजूला 'फुल' आणि दुसऱ्या बाजूला 'लिमिटेड' चालत नाही.

तिसरी पायरी: कार्डाची ताकद मोजा

फ्रेम टाइम, म्हणजे एका फ्रेमला लागणारा वेळ, दाखवणारं एखादं साधन लागेल. MSI Afterburner आणि त्याच्यासोबत येणारं RivaTuner या कामाला पुरेसं आहे. एनव्हिडिया कार्ड असेल तर दुसऱ्या खिडकीत ही आज्ञा चालवून दर सेकंदाला नोंदही पाहता येते:

```
nvidia-smi --query-gpu=utilization.gpu,memory.used,clocks.gr,temperature.gpu --format=csv -l 1
```

गेममधली एक भारी जागा निवडा: गर्दीचा चौक, दाट झाडी, धूर. मोकळ्या मैदानातला आकडा कामाचा नाही. अपस्केलिंग, फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशशी जुळवणारं व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून, आधी १०८०पीचा आणि मग १४४०पीचा फ्रेम टाइम टिपा. साधनात फक्त एफपीएस दिसत असेल तर १०००ला त्या आकड्याने भागा.

समजा १०८०पीला ११ मिलिसेकंद आले, १४४०पीला १८. पिक्सेल १६ लाखांनी वाढले आणि वेळ ७ मिलिसेकंदांनी. म्हणजे दर दहा लाख पिक्सेलमागे सुमारे ४.३ मिलिसेकंद. १०८०पीच्या २१ लाखांचे ९ मिलिसेकंद वजा केले की २ उरतात. हा पिक्सेलवर अवलंबून नसलेला स्थिर खर्च.

आता पूर्ण ४केचा अंदाज बांधता येतो: ८३ लाखांचे ३६ आणि वरचे २, एकूण ३८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २६ फ्रेम. या सेटिंगवर पूर्ण ४के शक्य नाही, हे ४के न लावताच कळलं.

एक खबरदारी महत्त्वाची. दोन्ही मोजण्यांच्या वेळी कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असला पाहिजे. १०८०पीला तो ७०वर घसरला असेल तर तिथे प्रोसेसर अडवत आहे. मग १०८०पीचा आकडा फुगलेला असतो, दोन मोजण्यांतला फरक लहान दिसतो आणि ४केचा अंदाज फाजील आशावादी निघतो. अशा वेळी १४४०पी आणि १८००पी अशी जोडी घ्या.

चौथी पायरी: आतलं रेझोल्यूशन ठरवा

एनव्हिडियाची डीएलएसएस २ आणि एएमडीची एफएसआर २ या अपस्केलिंगच्या पद्धती आधीच्या अनेक फ्रेममधली माहिती गोळा करून मोठं चित्र उभं करतात. ४के पडद्यावर त्यांचा 'क्वालिटी' पर्याय आत २५६० × १४४० चित्र काढतो, 'परफॉर्मन्स' १९२० × १०८० आणि 'बॅलन्स्ड' या दोन्हींच्या मध्ये, सुमारे २२६० × १२७०. डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागतं, एफएसआर २ बहुतेक कार्डांवर चालतं. परफॉर्मन्सवर एफएसआर २ची तारांबळ गवत, तारा आणि पाण्याच्या शिंतोड्यांत दिसते. तिथे डीएलएसएस चित्र अधिक स्थिर ठेवतं.

मग टीव्हीलाच १०८०पी पाठवून त्याच्याकडून मोठं करून का घेऊ नये? कारण टीव्हीकडे फक्त तयार चित्र असतं. गेमला मात्र प्रत्येक वस्तू कोणत्या दिशेला किती सरकली हे माहीत असतं, आणि अपस्केलिंग तीच माहिती वापरतं. शिवाय गेममधला मजकूर, नकाशा आणि चिन्हं अपस्केलिंगनंतर पूर्ण ४केमध्ये काढली जातात. टीव्हीवर सोपवलं तर तीही पुसट होतात.

अपस्केलिंग फुकट मिळत नाही. त्याचा खर्च मोजायला टीव्ही ४केवर ठेवून परफॉर्मन्स लावा आणि त्याच जागी वेळ टिपा. आत १०८०पीच आहे, त्यामुळे आधीच्या ११ मिलिसेकंदांपेक्षा जे जास्त येईल ते अपस्केलिंग आणि ४केमध्ये होणारी उरलेली कामं यांचं. समजा १३.५ आले, तर खर्च २.५. हा खर्च मुख्यतः बाहेरच्या रेझोल्यूशनवर ठरतो, म्हणून क्वालिटीलाही जवळपास तेवढाच धरा.

आता मांडणी करू. क्वालिटी: १८ आणि २.५, म्हणजे २०.५ मिलिसेकंद. बॅलन्स्ड: २९ लाख पिक्सेलचे १२.५, वर २ आणि २.५, म्हणजे १७. परफॉर्मन्स: १३.५.

१६.७च्या जवळ बॅलन्स्ड आहे म्हणून तो निवडणं ही फसगत ठरते. व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलण्याची सोय, नसलेल्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर, व्ही-सिंक चालू असताना, जी फ्रेम १६.७च्या पुढे किंचितही गेली ती पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबते. जुनी फ्रेम पडद्यावर ३३.३ मिलिसेकंद राहते आणि डोळ्याला झटका बसतो. सरासरी ६० दाखवत असूनही खेळ अडखळतो तो यामुळे. भारी जागेत साधारण १५ मिलिसेकंदांचं लक्ष्य ठेवा, म्हणजे स्फोटाबिफोटाला थोडी जागा उरते.

बॅलन्स्ड १७वरून १५वर आणायचा तर दोन मिलिसेकंद कुठून तरी कापायला हवेत. रे ट्रेसिंग चालू असेल तर ते आधी बंद. मग धुक्यातला आणि हवेतला प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं हे प्रत्येकी एक पायरी खाली. हे एकेक करून करा आणि प्रत्येक वेळी मोजा, कारण कुठला पर्याय किती महाग हे गेमगणिक बदलतं. समजा धुकं आणि सावल्या उतरवल्यावर १०८०पीला ९.५ आणि १४४०पीला १५ आले. पुन्हा तेच गणित केलं की दर दहा लाखांमागे ३.४ आणि स्थिर खर्च २.४. बॅलन्स्डचे ९.८, वर २.४ आणि २.५, एकूण १४.७. जमलं. सावल्यांची एक पायरी सोफ्यावरून ओळखू येणार नाही, झटके मात्र कुठूनही ओळखू येतात.

पाचवी पायरी: फ्रेम बांधून ठेवा

गेममध्ये स्वतःची मर्यादा असेल तर तीच वापरा, नसेल तर RivaTuner मधल्या Framerate limit मध्ये 60 टाका. मोकळ्या मैदानात ९० आणि गर्दीत ५५ असं वर-खाली होण्यापेक्षा सलग ६० कितीतरी सुखद असतं, आणि कार्डही कमी तापतं.

टीव्ही १२० हर्ट्झचा असेल आणि कार्ड एचडीएमआय २.१चं, तर चाळीस फ्रेमचा उत्तम मार्ग खुला होतो. तिथे प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश टिकते, २५ मिलिसेकंद. वरच्या उदाहरणातला क्वालिटी २०.५ला होता. म्हणजे एकही सेटिंग न उतरवता, १४४०पीच्या पायावर, मर्यादा ४०ला बांधून चालतो. संथ, निसर्गदृश्यांच्या गेमसाठी हीच निवड करावी. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर मात्र ४० लावू नका. काही फ्रेम एक रिफ्रेश टिकतात, काही दोन, आणि हालचाल लंगडते. तिथे ६० नाही तर ३०.

व्हीआरआर असलेल्या टीव्हीवर हा सगळा काटेकोरपणा सैल होतो, पण त्याची खालची मर्यादा पाहून घ्या. ती ४८ असेल आणि वरची ६०, तर ४५वर घसरलेला गेम पुन्हा अडखळणारच.

फ्रेम जनरेशनकडून इथे फार अपेक्षा ठेवू नये. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार फ्रेम घालतं. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ६० दाखवायचे तर खऱ्या ३०च उरतात, आणि हाताला मिळणारा प्रतिसाद ३०चाच किंवा त्याहून मंद राहतो.

अजूनही अडखळत असेल तर

पहिला संशय कार्डाच्या मेमरीवर घ्या. अपस्केलिंगने आतले पिक्सेल कमी होतात, पण टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, कमी होत नाहीत. उलट चित्र ४केसारखं तीक्ष्ण दिसावं म्हणून गेम ४केला साजेसे मोठे टेक्स्चरच मागवतो. ८ जीबी भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून येणं फार संथ असतं. आरएक्स ६६००ला मदरबोर्डशी माहितीची ने-आण करायला पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन आहेत, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर हा फटका अधिक बसतो.

ओळखायचं कसं? सुरुवातीला गेम छान चालतो, अर्ध्या तासाने बिघडतो. झटकन वळल्यावर अडखळतो. त्या क्षणी कार्डाचा वापर शंभरावरून खाली कोसळतो आणि वापरलेली मेमरी ७.५ जीबीच्या आसपास चिकटून बसलेली दिसते. उपाय म्हणजे टेक्स्चर एक पायरी खाली आणून गेम बंद करून पुन्हा सुरू करणं. नुसतं सेटिंग बदलून भरलेली जागा नेहमी मोकळी होत नाही. ब्राउझरही बंद करा, ४के डेस्कटॉपवर तोही याच मेमरीतला वाटा घेतो.

दुसरा संशय प्रोसेसरवर. परफॉर्मन्सवरून आणखी खालच्या पर्यायावर गेलात आणि फ्रेम टाइम हललाच नाही, तर कार्ड रिकामं बसलं आहे. रेझोल्यूशन कमी करून इथे काहीही मिळणार नाही. गर्दीची घनता, दृश्याचं अंतर आणि भौतिक परिणाम हे पर्याय उतरवा. रॅमची एकच पट्टी असेल तर त्याच जातीची दुसरी लावून दोन चॅनल करा.

तिसरं कारण उष्णता. टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवलेला कॉम्प्युटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. वरच्या आज्ञेत तापमान चढत गेलं आणि वीस मिनिटांनी क्लॉकचा आकडा उतरू लागला, तर कपाटाचं दार उघडून तीच चाचणी करा. क्लॉक टिकला तर दोष जागेचा आहे. कपाटाची मागची फळी काढा किंवा कॉम्प्युटर बाहेर ठेवा. कॉम्प्युटर हलवणं शक्यच नसेल तर Afterburner मध्ये Power Limit दहा टक्क्यांनी उतरवा. फ्रेम टाइम त्या प्रमाणात वाढत नाही, थोडाच वाढतो, पण वाढतो हे खरं. म्हणून त्यानंतर तिसऱ्या पायरीची मोजणी पुन्हा करा, कारण आधीचे आकडे आता या कार्डाचे राहिलेले नाहीत.